जुनी साडी खरंच जुनी आहे का? जर काय सांगते आणि काय सांगत नाही

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही साड्यांच्या प्रदर्शनात आता एक टेबल 'व्हिंटेज'चं असतंच. तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "आजीच्या काळातली आहे ताई, जर बघा, अस्सल आहे." ऐकताना वाटतं की जर अस्सल, म्हणजे साडी जुनी. प्रत्यक्षात हे दोन वेगळे दावे आहेत. चांदीची खरी जर सुरतेत आजही बनते आणि पैसे मोजले तर आजही तिची साडी विणून मिळते. उलट शंभर वर्षांपूर्वीही फ्रान्समधल्या ल्याँसारख्या ठिकाणांहून तांब्यावर मुलामा दिलेली नकली जर हिंदुस्थानात येत होती, आणि त्या साड्याही कोणाच्या तरी आजीनेच नेसल्या.

त्यामुळे जरीचा पुरावा एकाच दिशेने चालतो. जर साडीचं वय खोटं ठरवू शकते, खरं ठरवू शकत नाही. धाग्यात पॉलिएस्टर निघालं, तर 'स्वातंत्र्यापूर्वीची साडी' हा दावा तिथेच संपला. चांदी निघाली, तर फक्त जर चांदीची आहे एवढंच कळलं आणि वयाची चौकशी तिथून पुढे सुरू करायची. हे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या करा. मी पैठणी समोर ठेवून लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या कपाटांतून तीच जास्त निघते.

जरीच्या धाग्यात काय काय असतं

जरीचा धागा म्हणजे मधे एक साधा धागा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली चपटी, केसासारखी बारीक पट्टी. मधला धागा कशाचा आणि पट्टी कशाची, या दोन प्रश्नांवर सगळं अवलंबून आहे.

खऱ्या जरीत मधला धागा रेशमाचा, पट्टी चांदीची आणि वर सोन्याचा अगदी पातळ थर असतो. सोनं वजनाने टक्काभरही नसतं बहुतेक वेळा, त्यामुळे 'सोन्याची जर' ऐकून हुरळून जाऊ नका. तिच्यात मोल चांदीचं. चांदीच्या जोडीला थोडं तांबंही असू शकतं, तेवढ्याने ती नकली ठरत नाही.

बाजारात जिला 'टेस्टेड' म्हणतात त्या जरीची पट्टी तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी रंग किंवा मुलामा. मधला धागा सुती, व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर. 'टेस्टेड' हे नाव ऐकून तपासून दिलेली अस्सल जर असा समज होतो, आणि विकणारे तो सहसा दूर करत नाहीत.

तिसरी प्लॅस्टिकची. पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूचा वाफारा देऊन, रंगवून तिच्या पट्ट्या कापतात आणि त्या पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या धाग्यावर गुंडाळतात. पॉलिएस्टर बाजारात आलं १९५० च्या दशकात. त्यामुळे मूळ विणीत हा धागा सापडलेली साडी त्याआधीची असूच शकत नाही. जरीवरून काढता येणाऱ्या तारखांमध्ये सर्वांत भरवशाची तारीख हीच.

'मूळ विणीत' हे शब्द मुद्दाम घातलेत. त्याचं कारण पुढे काकूंच्या साडीत येईल.

आधी साडी पालथी करा

जरीकडे वळण्यापूर्वी पदर उलटा करून उजेडात धरा. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरता आत जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून माघारी फिरतो. त्यामुळे मोर, मुनिया, कमळ मागूनही पुढच्यासारखेच दिसतात. पाठीमागे धागे लोंबत असतील, कापलेल्या टोकांचा केसाळपणा हाताला लागत असेल किंवा आत जाळी चिकटवलेली असेल, तर ती त्या पद्धतीने विणलेली नाही. हा नियम बनारसी किंवा कांजीवरमला जसाच्या तसा लावू नका. तिथे हातमागावरही नक्षी विणणारं जॅकार्डचं यंत्र चालतं आणि पाठीमागे धागे सुटलेले असू शकतात.

मग अंग आणि पदर यांच्या सीमेवर या. उभे धागे अंगातून पदरात सलग जातात का, हे भिंगातून बघा. जुन्या साडीचं अंग विरलं की तिचे चांगले राहिलेले काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर बसवून घेण्याची पद्धत आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र ती साडी 'साठ वर्षांची' म्हणून विकायला ठेवली, तर पदर साठ वर्षांचा आणि अंग मागच्या वर्षीचं असं होऊ शकतं. सीमेवर शिलाई, दुहेरी जाडी किंवा काठाच्या कडेने बारीक टाक्यांची ओळ दिसली, तर अंग, काठ आणि पदर तिन्हींचा तपास वेगवेगळा करायचा.

सिल्क मार्कचं लेबल असेल तर एक गोष्ट लगेच सुटते, कारण ती योजनाच २००४ मध्ये सुरू झाली. शिवाय ते लेबल रेशमाबद्दल बोलतं, जरीबद्दल नाही. साडीबरोबर सलग विणलेला ब्लाउजपीसही नंतरच्या काळाकडे बोट दाखवतो. एकट्या त्यावर निकाल देऊ नका, पण नोंद करून ठेवा.

डोळ्यांनी दिसणारी जर

सोनार वापरतात ते दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि घडीच्या रेषा तपासा. घडीवर घासून सोनं जातं आणि खालचं काय ते उघडं पडतं. खालून पांढरट, करडं, काळपट दिसलं तर चांदीची शक्यता. लालसर दिसलं, कुठे हिरवट कीट धरलेलं असलं तर तांबं. आणि सोनेरी पापुद्रा उडून खाली पांढरा किंवा पारदर्शक दोरा दिसत असेल, पण उरलेला भाग परवा विकत घेतल्यासारखा चमकत असेल, तर ती प्लॅस्टिकची जर.

काळेपणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक इथेच होते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते आणि दमट हवेत ते लवकर होतं. आपल्याकडे खाडीकाठच्या पावसाळ्यात कपाटं उघडून बघितलेल्यांना हे सांगायला नको. पण हा काळेपणा एकसारखा येत नाही. घडीच्या बाहेरच्या कडेला, काठाच्या उघड्या भागावर तो जास्त असतो, आणि घडीच्या आत, फॉलच्या खाली कमी. मुद्दाम जुनी केलेली साडी बहुधा सगळीकडे सारखीच मळकट असते. म्हणून विकणाऱ्याची परवानगी घेऊन फॉलची शिलाई इंचभर उसवा. आतलं रेशीम बाहेरच्यापेक्षा गडद आणि आतली जर उजळ निघाली, तर झीज खरी आहे. आत-बाहेर एकच चहाचा रंग असेल, तर साडी खाली ठेवा.

लोहचुंबक घेऊन फिरणारेही दिसतात. चांदी, तांबं आणि सोनं तिन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, तेव्हा त्याचा इथे उपयोग नाही. घरी मल्टिमीटर असेल तर तो बीप वाजणाऱ्या, सलगता तपासायच्या खुणेवर लावा आणि त्याची दोन्ही टोकं एकाच जरीच्या धाग्यावर जवळजवळ टेकवून बघा. आवाज आला तर पट्टी धातूची. नाही आला, तर वर लाख किंवा कीट असू शकतं, म्हणून काहीच ठरवू नका.

सुटा धागा: खरा निकाल इथे लागतो

पदराच्या दशांमधून किंवा आतल्या टोकाच्या कडेला सुटलेला जरीचा धागा इंचभर मिळाला तरी पुरे. सलग विणीतून ओढू नका, एक धागा ओढला की अख्खी आडवी रेघ दिसते.

धागा पांढऱ्या कागदावर ठेवून एक टोक चिमट्याने धरा आणि टाचणीने वरची पट्टी उलट्या दिशेने उलगडा. ती स्प्रिंगसारखी सुटत येते. आता पट्टी आणि मधला धागा वेगळे झाले. मधला धागा चिमट्यात धरून काडेपेटीच्या ज्योतीजवळ न्या, खाली स्टीलची ताटली ठेवून. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझतं आणि काळी राख बोटांनी चुरडली जाते. सुती किंवा व्हिस्कोस कागदासारखं जळतं आणि करडी हलकी राख सोडतं. पॉलिएस्टर आखडतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो, तो चुरडत नाही.

मग पट्टी ज्योतीत धरा. प्लॅस्टिकची असेल तर क्षणात गोळा होते. धातूची टिकते. तांब्याची काळवंडते. चांदी पांढरट राहते, पण फार बारीक असल्यामुळे जास्त वेळ धरली तर तीही वितळून टिंब होऊ शकते. म्हणून ज्योतीतून फक्त फिरवा.

मधला धागा लाल निघाला की जर खरी, असा एक ठोकताळा दुकानांतून सांगतात. कांजीवरमच्या खऱ्या जरीत लाल रेशमाचा धागा असतो, तिथून तो आला आहे. पण हे माहीत असणारे नकली जरीतही लाल पॉलिएस्टर घालतात. रंग बघू नका, जाळून बघा.

धातूबद्दल शंका उरली तर सराफाकडे जा. सात-आठ सुट्या धाग्यांचा पिळा करून तो कसोटीवर घासायला सांगा आणि चांदीचं ॲसिड लावून घ्या. चांदीची रेघ गडद लाल होते, तांब्यावर हिरवं पाणी फसफसतं. रेघ जोर देऊन ओढलेली हवी, कारण तांब्यावरचा चांदीचा थर हलक्या हाताने घासला तर आधी लालसर झाक येते आणि माणूस तिथेच खूश होतो. ॲसिड साडीच्या आसपासही येऊ देऊ नका. सोन्याची शुद्धता मोजायचं एक्स-रे मशीन असलेल्या पेढीत धागाही तोडावा लागत नाही, पदराचा जरीने दाट भरलेला भाग खिडकीवर ठेवला की झालं. धातूंचं प्रमाण पडद्यावर येतं. रेशीम की पॉलिएस्टर हे मात्र मशीनला दिसत नाही, त्यामुळे काडेपेटीचं काम शिल्लक राहतंच.

एक बारकावा हौशी मंडळींसाठी. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून मग तिची तार ओढत, म्हणून चपट्या केलेल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी सोनं असतं. आता चांदीची पट्टी आधी रेशमावर गुंडाळतात आणि नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देतात, त्यात आतल्या बाजूला सोनं कमी पोचतं. उलगडलेल्या पट्टीची आतली बाजू भिंगाखाली पांढरी आणि बाहेरची पिवळी दिसली तर ती नव्या पद्धतीची असण्याकडे कल द्या. झिजलेल्या धाग्यावर हे कळत नाही, म्हणून दशांपेक्षा आत दडलेला धागा घ्या.

काकूंची हिरवी पैठणी

पाचपाखाडीतल्या एका काकूंची साडी बघायला माझ्याकडे आली, ती या सगळ्या पायऱ्यांसाठी चांगलं उदाहरण आहे. घरातली माहिती अशी की, साडी त्यांच्या सासूबाईंची, सासूबाई १९५८ च्या लग्नात तीच नेसल्या होत्या. एका दुकानात मात्र काठाचा धागा जाळून त्यांना सांगण्यात आलं होतं, "काकू, ही प्लॅस्टिकची जर आहे, साडी फार तर ऐंशीच्या दशकातली." काकू बिचाऱ्या दुकानदारापेक्षा सासूबाईंवर जास्त चिडल्या होत्या.

साडीची लांबी ५ मीटर ४० सेंटीमीटर. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, म्हणून आधी आतलं टोक बघितलं. तिथे विणीची कड नव्हती, कापून दुमडलेली शिवण होती. नऊवारीची सहावारी झालेली होती. हे बऱ्याच घरांत झालंय, उरलेल्या तुकड्याचं परकर-पोलकं होतं किंवा देव्हाऱ्याचं आसन. पदर पालथा केला तर मागून-पुढून सारखा. अंगातले उभे धागे पदरात सलग गेलेले, म्हणजे जोडलेला पदरही नाही.

मग फॉल. दुकानदाराने धागा जिथून काढला होता तिथे फॉलची शिलाई उसवल्यावर खालचं रेशीम चांगलं गडद हिरवं निघालं. आणि तिथेच उत्तर सापडलं. काठाच्या जरीतले सात-आठ आडवे धागे जेमतेम काही बोटांच्या रुंदीइतके जात होते आणि संपत होते. त्यांच्या दोन्ही टोकांना जुन्या जरीची तुटलेली, काळपट टोकं दबलेली होती. रफू! सहावारी करताना किंवा त्यानंतर कधीतरी, पायाच्या बोटात अडकून फाटलेला काठ कोणीतरी नेटका भरून घेतला होता, आणि रफूवाल्याने हाताशी होती ती जर वापरली होती. दुकानात जळला तो त्याचा धागा.

म्हणून दुसऱ्या तीन जागांहून धागे घेतले: पदराच्या दशा, वरचा काठ आणि आतल्या टोकाची शिवण. तिन्हींत मधला धागा पिवळसर रेशीम, केसांचा वास, चुरडणारी राख. पट्टी ज्योतीत टिकली. सराफाकडे कसोटीवर रेघ लाल. मशीनवर चांदी सर्वांत जास्त, थोडं तांबं, सोनं एक टक्क्याच्या आत. म्हणजे जर खरी.

पण वय? इथपर्यंत आलेली ही माहिती गेल्या वर्षी विणलेल्या उंची पैठणीलाही तंतोतंत लागू पडेल. तेव्हा काकूंना लग्नाचा फोटो आणायला सांगितलं. कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा उपयोग नाही, पण सासूबाईंच्या खांद्यावरून आलेला पदर समोर होता. फोटो मोबाइलवर मोठा करून पदराशेजारी ठेवला. कडेपासून दुसऱ्या कमळाला डावीकडची एक पाकळी कमी आहे, विणकराच्या हातून राहिलेली. फोटोतल्या दुसऱ्या कमळालाही डावीकडची पाकळी नाही. त्याच नक्षीची दुसरी साडी असू शकते, त्याच चुकीची नाही. फोटो लग्नाचा आहे हे मागच्या स्टुडिओच्या शिक्क्यावरून आणि लग्नपत्रिकेवरून पक्कं झालं.

निष्कर्ष असा लिहून दिला: हातमागाची पैठणी, १९५८ किंवा त्यापूर्वीची, मूळ नऊवारी, नंतर कापलेली, जर चांदीची, खालच्या काठाला एका ठिकाणी प्लॅस्टिकच्या जरीचं रफू. सासूबाईंना ती त्यांच्या आईकडून मिळाली होती असंही घरात म्हणतात. ते खरं असेल, पण साडीत त्याचा पुरावा नाही, म्हणून कागदावर घेतलं नाही.

विकत घेताना तुमच्याकडे असा फोटो नसणार. मग विकणाऱ्याकडे बिल, पत्रिका, फोटो, निदान साडी कोणत्या घरातून आली याची खात्रीची माहिती मागा. काहीच नसेल आणि जर चांदीची असेल, तर चांदीच्या जरीच्या वापरलेल्या हातमाग साडीची किंमत द्या, वयाची वेगळी देऊ नका.

विकायची किंवा पाठवायची असेल तर

जुनी जर विकत घेणारे साडी वजनावर मागतात आणि जाळून चांदी काढतात. त्यांच्या तागडीत पदराची वीण शून्य असते. अंग पूर्ण विरलं असेल तरी काठ-पदर सोडवून ठेवता येतात, तेव्हा त्यांना हो म्हणण्यापूर्वी पदर पालथा करून बघाच. अंग विरलंय की नाही, हे घडीवर रेशीम दोन्ही हातांनी अगदी हलकं ताणून कळतं. घडीच्या रेषेवर कागद फाटल्यासारखं सरळ फाटायला लागलं, तर ते रेशीम आता नेसण्याचं राहिलेलं नाही, मग जर कितीही चांगली असो.

आणि तपासात साडी शंभर वर्षांपलीकडची असावी असं दिसू लागलं, तर परदेशातल्या मुलीकडे ती कुरिअर करण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्यात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. अर्जासोबत साडीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि तुमच्या तपासाच्या नोंदी जोडा.